पिझ्झ्याचा गोळा किती ग्रॅमचा?

कोल्हापुरातल्या एका शाळेत नववीची मुले दरवर्षी दहावीच्या मुलांना निरोप देतात. खाण्याचा बेत नववीनेच करायचा असतो. बहुतेक वर्षी मिसळ असते. एका वर्षी मात्र मुलांनी पिझ्झा करायचे ठरवले. बेकरीतून तयार पाव आणायचा नाही, मैदा भिजवण्यापासून सगळे आपणच करायचे, असा त्यांचा हट्ट होता. शाळेजवळच्या बेकरीवाल्याने दुपारच्या वेळी आपला विजेचा ओव्हन वापरू देण्याचे कबूल केले. भाजण्यासाठी घरोघरून ताटल्या आणि केकची भांडी गोळा झाली. एकूण अकरा भांडी होती. त्यांतली चार २० सेंटिमीटर व्यासाची, पाच २५ सेंटिमीटरची आणि दोन ३० सेंटिमीटरची. खाणारे होते चाळीस जण.

मुलांनी गणित मांडले ते सरळ होते. साधारण सव्वादोन किलो भिजवलेला मैदा लागेल असे कुणाच्या तरी आईने सांगितले होते. त्याला अकराने भागले की प्रत्येक भांड्यात सुमारे २०० ग्रॅमचा गोळा. त्यांच्या विज्ञानाच्या बाईंना यात काहीतरी खटकले आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. आम्ही सुचवले की, आदल्या दिवशी दोनच भांड्यांवर हे करून पाहावे. एक सर्वांत लहान, एक सर्वांत मोठे. दोन्हींत २०० ग्रॅमचा गोळा, वर सारखाच टोमॅटो आणि चीज, एकच ओव्हन आणि वेळही एकच, दहा मिनिटे.

दहा मिनिटांनी ३० सेंटिमीटरचा पिझ्झा खालून काळपट झाला होता आणि कापताना पापडासारखा मोडत होता. २० सेंटिमीटरचा वरून छान दिसत होता. पण सुरीने कापल्यावर टोमॅटोच्या थराखाली एक करडी, ओलसर, दाताला चिकटणारी रेघ दिसली. ते न भाजलेले पीठ होते. दोन्ही पिझ्झ्यांत पीठ तेवढेच, आच तीच आणि वेळही तीच. मग एक करपला आणि दुसरा कच्चा राहिला, हे कसे?

पीठ पसरते ते क्षेत्रफळावर

आपल्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा: २० सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला १५० ग्रॅम पीठ लागते, तर तेवढ्याच जाडीच्या ३० सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला किती लागेल? बहुतेक मुले २२५ म्हणतील. व्यास दीडपट झाला, म्हणून पीठ दीडपट. वर्तुळाचे क्षेत्रफळ पाठ असलेली मुलेसुद्धा असेच उत्तर देतात, कारण पिझ्झा समोर आला की ते सूत्र त्यांना आठवत नाही. खरे उत्तर ३३७ ग्रॅम आहे. व्यास दीडपट झाला की क्षेत्रफळ दीडच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोनपट होते, आणि जाडी तीच ठेवायची तर पीठही सव्वादोनपट लागते.

भाकरी थापणाऱ्या बाईला हा हिशोब कधी करावा लागत नाही. तिचा तवा एकच असतो, गोळा दर वेळी तेवढाच असतो, आणि जाडी तिच्या तळहाताला कळते. हिशोबाची गरज पडते ती भांडी लहानमोठी असतात तेव्हा.

म्हणून पिझ्झ्याच्या बाबतीत 'किती ग्रॅमचा गोळा' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायला हवे ते हे की, दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम पीठ? हा एक आकडा ठरला की पिझ्झ्याची जात ठरते. मुलांच्या २०० ग्रॅमच्या गोळ्यांना हा प्रश्न विचारू. २० सेंटिमीटरच्या भांड्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ०.६४ ग्रॅम पीठ पडले. ३० सेंटिमीटरच्या भांड्याचे क्षेत्रफळ ७०७. तिथे पडले ०.२८ ग्रॅम. नुकत्याच मळलेल्या, न फुगलेल्या पिठाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, साधारण १.१५ धरली, तर पहिल्याची जाडी साडेपाच मिलिमीटर आणि दुसऱ्याची अडीच मिलिमीटर होते. पीठ फुगल्यावर दोन्ही जाड्या वाढतात, पण त्यांचे प्रमाण साधारण तेच राहते. मुलांनी एकच पदार्थ करायला घेतला होता आणि प्रत्यक्षात दोन वेगळे पदार्थ तयार झाले होते.

जाडी सव्वादोनपट झाली तर भाजायला वेळ किती जास्त लागावा? उष्णता एखाद्या थरातून केवळ वहनाने आत शिरत असेल, तर लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशोबाने तो सुमारे पाचपट होईल. प्रत्यक्षात एवढा फरक पडत नाही. पीठ भाजताना आतल्या वाफेबरोबरही उष्णता आत जाते, आणि पृष्ठभाग तापायलाही काही वेळ लागतोच. पण फरक दुपटीपेक्षा कमी नसतो असा आमचा अनुभव आहे. त्यामुळे एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी हे दोन पिझ्झे नीट भाजले जाणे शक्यच नव्हते. आच कमीजास्त करूनही ते साधले नसते. दोष आचेत नव्हताच, गोळ्याच्या वजनात होता.

वर्ग करा, तिनाने भागा

आता आकडा कोणता धरायचा? नेपल्सच्या पारंपरिक पिझ्झ्यासाठी युरोपीय संघाने २०१० साली नियम केले. त्यांत गोळा १८० ते २५० ग्रॅमचा आणि व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. २५० ग्रॅमचा गोळा ३० सेंटिमीटरपर्यंत पसरला तर दर चौरस सेंटिमीटरला ०.३५ ग्रॅम पीठ येते. हा पातळ पिझ्झा आहे. तो तिथे जमतो, कारण लाकडाच्या भट्टीचे तापमान साडेचारशे अंशांच्या वर असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. आतली ओल जायला वेळच मिळत नाही. आपले घरगुती ओव्हन फार तर २५० अंशांपर्यंत जातात. तिथे एवढा पातळ थर भाजता भाजता वाळून जातो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कच्या धर्तीच्या पिझ्झ्यात हेच प्रमाण साधारण ०.४४ असते. कडा असलेल्या भांड्यात तेल लावून भाजतात त्या जाड, पावासारख्या पिझ्झ्यात ते ०.६ च्याही पुढे जाते.

शाळेच्या बेतासाठी आम्ही मधला आकडा निवडला. त्यामागे थोडी सोयही होती. व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा आणि तिनाने भागा; येईल ते गोळ्याचे वजन ग्रॅममध्ये:

वजन = व्यास × व्यास ÷ ३

पडताळून पाहू. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे व्यासाच्या वर्गाला ०.७८५ ने गुणून येते ते. वजन व्यासाच्या वर्गाच्या एक तृतीयांश असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ०.४२ ग्रॅम पीठ पडते. म्हणजे सूत्रातला तीन हा आकडा कुठल्या निसर्गनियमातून आलेला नाही. तोंडी हिशोब व्हावा म्हणून घेतलेला आहे. कुणाला नेपल्सच्या वळणाचा पातळ पिझ्झा हवा असेल तर त्याने साडेतिनाने भागावे. जाड हवा असेल तर दोनाने. भांडी इंचांत मोजली असतील तर इंचांचा वर्ग करून २.१५ ने गुणावे, म्हणजे तिनाने भागल्याचेच उत्तर मिळते.

या सूत्राने २० सेंटिमीटरला १३३ ग्रॅम, २५ ला २०८ ग्रॅम आणि ३० ला ३०० ग्रॅम येतात. गंमत अशी की, मुलांचा २०० ग्रॅमचा गोळा मधल्या भांड्याला जवळजवळ बरोबर होता. त्यांनी चाचणीसाठी २५ सेंटिमीटरचे भांडे घेतले असते, तर चूक दुसऱ्या दिवशी चाळीस पाहुण्यांसमोर उघडी पडली असती.

भांड्याचा व्यास मोजतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. आपल्या ताटल्यांच्या कडा तिरप्या असतात. तोंडाशी २८ सेंटिमीटर भरणारी ताटली तळाशी २५ च असू शकते. पीठ तळावर बसते, म्हणून व्यास तळाचा मोजायचा. तोंडाचा धरला तर गोळा २६१ ग्रॅमचा होतो आणि तळाचा धरला तर २०८ चा. म्हणजे पीठ पावपट जास्त पडते. व्यासातली चूक वर्ग करताना जवळजवळ दुप्पट होते, हे मुलांना दाखवायला ही तिरपी ताटली चांगली आहे.

कडेचे पीठ वेगळे मोजावे लागते

एवढ्यावर थांबले तरी बेत पार पडला असता. पण आम्ही सूत्राप्रमाणे केलेले गोळे पुन्हा लहान आणि मोठ्या भांड्यांत पसरून पाहिले, तेव्हा लहान पिझ्झा मधोमध जास्त पातळ झालेला दिसला. एका मुलीने लगेच विचारले, "सर, वर्ग बरोबर केला तरी असं का झालं?" प्रश्न अगदी योग्य होता.

कारण पिझ्झा म्हणजे सपाट तबकडी नव्हे. त्याला कडेने जाड काठ असतो. हा काठ लहान पिझ्झ्यालाही सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असतो आणि मोठ्यालाही तेवढाच, कारण तो बोटांनी ढकलून केलेला असतो आणि बोटे तीच असतात. मधला भाग क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे व्यासाच्या वर्गाने वाढतो. काठ मात्र परिघाप्रमाणे वाढतो. लहान पिझ्झ्यात काठाचा वाटा म्हणूनच मोठा असतो.

आकड्यांत पाहू. मधल्या भागात दर चौरस सेंटिमीटरला ०.३५ ग्रॅम आणि काठात त्याच्या दुप्पट, ०.७० ग्रॅम पीठ आहे असे समजा. ३० सेंटिमीटरच्या पिझ्झ्यात काठ सोडून आतला व्यास २६ उरतो. आतल्या भागाला १८६ ग्रॅम आणि काठाला १२३ ग्रॅम, मिळून ३०९ ग्रॅम पीठ लागते. २० सेंटिमीटरच्या पिझ्झ्यात आतला व्यास १६. आतल्या भागाला ७० ग्रॅम आणि काठाला ७९ ग्रॅम, मिळून सुमारे १५० ग्रॅम. लहान पिझ्झ्यात काठाचेच पीठ जास्त झाले, हे लक्षात घ्या! आता केवळ वर्गाच्या नियमाने ३०९ वरून खाली आलो असतो, तर २० सेंटिमीटरला १३७ ग्रॅम आले असते. उरलेले बारा-तेरा ग्रॅम काठाने मधल्या भागातून ओढून घेतले असते, आणि तेच मुलांना दिसले.

यावर उपाय साधा आहे. २४ ते ३२ सेंटिमीटरपर्यंतच्या पिझ्झ्यांना तिनाने भागण्याचे सूत्र चालते. २० च्या आसपासच्या पिझ्झ्याला सूत्राच्या उत्तरात दहा ग्रॅम मिळवावेत, आणि १५ सेंटिमीटरच्या छोट्या पिझ्झ्याला पंधरा. काठ ठेवायचाच नसेल, म्हणजे पीठ लाटण्याने कडेपर्यंत सारखे लाटायचे असेल, तर ही दुरुस्ती करायचे कारण नाही.

पिठाचा पूर्ण हिशोब

आता अकरा भांड्यांचा हिशोब सुधारून मांडला. २० सेंटिमीटरच्या चार भांड्यांना प्रत्येकी १४३ ग्रॅम, म्हणजे ५७२. २५ च्या पाचांना प्रत्येकी २०८ ग्रॅम, म्हणजे १०४०. ३० च्या दोघांना प्रत्येकी ३००, म्हणजे ६००. एकूण २२१२ ग्रॅम. परातीला, हातांना आणि सुरीला थोडे पीठ चिकटून राहते. त्यासाठी शेकडा तीन जास्त धरले की होतात २२८० ग्रॅम. कुणाच्या तरी आईने सांगितलेला सव्वादोन किलोचा अंदाज किती नेमका होता ते यावरून दिसते. चुकली होती ती वाटणी.

भिजवलेल्या पिठावरून कोरड्या मैद्यावर यायचे तर बेकरीवाल्यांची रीत सोयीची आहे. ते मैद्याला शंभर भाग मानतात आणि बाकीचे सर्व त्याच्या प्रमाणात सांगतात. आमचे प्रमाण असे होते: मैदा १००, पाणी ६२, तेल ३, मीठ २, कोरडे यीस्ट १. बेरीज १६८. म्हणजे २२८० ला १.६८ ने भागायचे. उत्तर आले १३५७ ग्रॅम मैदा. त्याला ८४१ ग्रॅम पाणी, ४१ ग्रॅम तेल, २७ ग्रॅम मीठ आणि १४ ग्रॅम यीस्ट. पाणीसुद्धा वजनावरच घ्यावे; वाटीने घेतले तर वाटी कुणाच्या घरची हा प्रश्न येतो. मैदा थोडा जास्त पाणी पितो किंवा कमी, त्याप्रमाणे दोन-चार चमचे पाणी इकडेतिकडे होईल. गोळ्यांच्या वजनावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

गोळे कधी तोलायचे, यालाही महत्त्व आहे. यीस्ट पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, तो पिठाच्या जाळीत अडकतो आणि पीठ फुगते. तास-दीड तासात आकार दुप्पट होतो, वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते. कोल्हापुरात फेब्रुवारीच्या दुपारी फुगणे आणखी लवकर होते. अकरा गोळे तोडायला मुलांना वीस मिनिटे लागली, तर पहिला गोळा तोडताना पीठ जेवढे फुगले होते त्यापेक्षा अकरावा तोडताना ते जास्त फुगलेले असते. डोळ्यांनी आकार पाहून सारखे गोळे तोडले, तर शेवटच्या गोळ्यांत पीठ कमी भरते. तराजूला हा चकवा बसत नाही.

पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. २०८ ग्रॅमच्या गोळ्यात पाच ग्रॅमने जाडीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही फरक पडत नाही, आणि हाताने पीठ पसरताना होणारा उंचसखलपणा त्याहून कितीतरी मोठा असतो. गोळा कमी भरला तर पिठाचा तुकडा खालच्या बाजूला चिकटवावा, वर चिकटवला तर भाजताना तो सुटतो. तोललेले गोळे झाकून वीस मिनिटे ठेवावेत. लगेच पसरायला गेले तर पीठ रबरासारखे आखडते, भांड्याच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि २५ च्या भांड्यात २२ सेंटिमीटरचा जाड पिझ्झा बसतो. मग सगळा हिशोब वाया जातो.

निरोपाच्या दिवशी अकराही पिझ्झे प्रत्येकी बारा मिनिटे भाजले. लहान-मोठे एकाच खेपेत ठेवले तरी चालले. सर्व भांड्यांचे क्षेत्रफळ मिळून ५१२५ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे माणशी १२८. २५ सेंटिमीटरच्या पिझ्झ्याचा चतकोर म्हणजे १२३ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे वाटणीही सोपी झाली: मधल्या पिझ्झ्याचा चतकोर, मोठ्याचा सहावा भाग किंवा लहानाचा निम्म्याला थोडा कमी तुकडा. जेवण म्हणून हे पुरत नाही, खाऊ म्हणून पुरते.

वर्गात हे करायला ओव्हन लागत नाही. एकाच जाड पुठ्ठ्याची १०, १५, २० आणि २५ सेंटिमीटर व्यासाची वर्तुळे कापून तोलावीत आणि वजन उभ्या अक्षावर, व्यासाचा वर्ग आडव्या अक्षावर घ्यावा. बिंदू सरळ रेषेत पडतात आणि रेषा आरंभबिंदूतून जाते. मग प्रत्येक वर्तुळाच्या कडेला त्याच पुठ्ठ्याची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी चिकटवून पुन्हा तोलावे. या वेळी बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेवर बसत नाहीत. लहान वर्तुळे त्या रेषेच्या वर राहतात. काठाचे जास्तीचे पीठ इथे आलेखावर दिसते.

बेकरीवाल्याने जाता जाता विचारले होते की, त्याच्या चौकोनी ट्रेमध्ये किती पीठ घालायचे. ट्रे ४० बाय ३० सेंटिमीटरचा होता. क्षेत्रफळ १२०० चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.४२, म्हणजे ५०० ग्रॅम. त्यात आठ माणसांचा खाऊ होतो आणि तुकडे सुरीने सरळ कापता येतात.